नाकातला जंतू, टाक्यांतला पू आणि हँडरबचे लिटर

शंभर धडधाकट माणसांच्या नाकपुडीच्या दाराशी स्वॅब फिरवून तो प्रयोगशाळेत वाढवला, तर वीस ते तीस जणांच्या नमुन्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस उगवतो. या माणसांना कसलाही आजार नसतो. जंतू नाकाच्या अगदी पुढच्या भागात, जिथे त्वचा संपून ओलसर अस्तर सुरू होते तिथे, पेशींना चिकटून राहतो. काहींच्या नाकात तो वर्षानुवर्षे असतो, काहींच्या नाकात येतो आणि जातो. यांना वाहक म्हणतात. नांदेडच्या एखाद्या शस्त्रक्रिया विभागात चाळीस रुग्ण असतील, तर या हिशेबाने त्यांतले आठ ते बारा वाहक असणार. सिस्टर, डॉक्टर, मामा आणि खाटेशेजारी बसलेले नातेवाईक यांतले वाहक वेगळे.

नाकातल्या जंतूचा आणि पोटावरच्या किंवा मांडीवरच्या जखमेचा काय संबंध, हे एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाने २००२ मध्ये दाखवले. शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या जखमेत हा जंतू सापडला, त्यांच्या जखमेतला आणि नाकातला जंतू जनुकीय पातळीवर ताडून पाहिला. शंभरातल्या सुमारे ८५ जणांत दोन्ही एकच निघाले. म्हणजे बऱ्याचदा संसर्ग बाहेरून आलेला नसतो. रुग्णाने तो घरूनच, स्वतःच्या नाकात आणलेला असतो. वाट बोटांची असते. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वर्गातले चित्रण तपासले, तेव्हा एक विद्यार्थी तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावतो असे दिसले, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे स्पर्श नाक, तोंड किंवा डोळ्यांना होते. नाकातून बोटांवर, बोटांवरून काखेत, जांघेत, पोटावर असा जंतू फिरतो, आणि चिरा देण्याच्या दिवशी त्वचेवर हजरच असतो.

तरीही प्रत्येक वाहकाची जखम चिघळत नाही. इथे १९५७ चा एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत जंतू टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू व्हायला दहा लाखांहून अधिक जंतू लागले. त्याच जागी रेशमी टाका असला, तर काही शे जंतू पुरले. परक्या वस्तूभोवती जंतू थर धरतात आणि पांढऱ्या पेशींना तिथे नीट काम करता येत नाही. टाका, हर्नियाची जाळी, हाडातली प्लेट, गुडघ्यातला सांधा यांच्या शेजारी शरीराची सहनशक्ती काही हजार पटींनी घटते.

औसा किंवा निलंगा तालुक्यातला एक शेतकरी घेऊ. मोटारसायकलवरून पडून त्याच्या मांडीचे हाड मोडले आणि लातूरला प्लेट बसवायचे ठरले. हा माणूस खरा नाही, पण त्याचे आकडे खऱ्या अभ्यासांतले आहेत. तो नाकात हा जंतू बाळगणारा असेल, तर त्याचा धोका किती आणि तो कमी करता येतो का? नेदरलँड्समधल्या पाच रुग्णालयांनी याचे उत्तर २०१० मध्ये दिले. दाखल होणाऱ्या ६,७७१ जणांचे स्वॅब घेतले आणि वाहकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस दिवसातून दोनदा नाकात म्युपिरोसिन मलम लावले आणि रोज क्लोरहेक्झिडिन साबणाने आंघोळ घातली. दुसऱ्याला दिसायला तसेच, पण औषध नसलेले मलम आणि साबण दिला. औषधाच्या गटात ५०४ पैकी १७ जणांना, म्हणजे ३.४ टक्क्यांना, या जंतूचा संसर्ग झाला. दुसऱ्या गटात ४१३ पैकी ३२ जणांना, म्हणजे ७.७ टक्क्यांना. जखमेच्या खोल भागातल्या संसर्गात फरक आणखी मोठा होता. तिथे धोका जवळजवळ पाचवा हिस्सा उरला.

हा फरक गावच्या हिशेबात मांडू. हजार नियोजित शस्त्रक्रिया, त्यांत २५ टक्के वाहक, म्हणजे २५०. काहीच केले नाही तर त्यांतल्या १९ जणांना संसर्ग होईल, मलम आणि साबण दिला तर ८ किंवा ९ जणांना. दहा-अकरा माणसे वाचतात, आणि एक संसर्ग टाळायला २३ वाहकांवर उपचार करावे लागतात. प्लेट बसवलेल्या माणसाच्या बाबतीत एका संसर्गाची किंमत म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा चिरा, कधी प्लेट काढणे, महिनोन्महिने इंजेक्शने आणि एक हंगाम वाया. तेवीस जणांना पाच दिवस मलम लावणे त्यापुढे स्वस्त आहे.

पण हा आकडा जसाच्या तसा मराठवाड्यात आणता येत नाही. त्या अभ्यासात सापडलेले जंतू साध्या औषधांना दाद देणारे होते, कारण नेदरलँड्समध्ये मेथिसिलिनला न जुमानणारा प्रकार फारच विरळ आहे. तिथे नाकाचा अहवाल जनुकीय चाचणीने काही तासांत येत होता. साध्या कल्चरला दोन दिवस लागतात, आणि अपघातातला रुग्ण दोन दिवस थांबत नाही. शिवाय भारतातल्या रुग्णालयांत जखमा चिघळवणारे सगळे जंतू नाकातले नसतात. क्लेबसिएला, स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर यांचा वाटा मोठा आहे, आणि नाकातल्या मलमाने त्यांचे काहीच बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये म्युपिरोसिनची ठाम शिफारस केली ती हृदय-छातीच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियेला जाणाऱ्या, वाहक असल्याचे माहीत असलेल्या रुग्णांसाठी. सरसकट सगळ्यांच्या नाकात मलम भरत सुटलो तर म्युपिरोसिनला न जुमानणारा जंतू तयार होतो, आणि हे एकच चांगले मलम हातचे जाते.

आता तो दुसरा प्रकार, एमआरएसए. मेथिसिलिन हे औषध १९५९-६० मध्ये आले. लंडनच्या कॉलिंडेल प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी ५,४४० नमुने तपासले, त्यांत तीन प्रतिरोधी निघाले आणि तिन्ही एकाच रुग्णालयातले होते. हे त्यांनी १९६१ मध्ये कळवले. औषध बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे जंतूची भिंत विणणाऱ्या प्रथिनाला चिकटून विणकाम थांबवतात. एमआरएसएकडे मेक-ए नावाचे जनुक असते. ते भिंत विणणारे एक जादा प्रथिन बनवते, आणि त्याला ही औषधे नीट चिकटतच नाहीत. नेहमीची प्रथिने बंद पडली तरी भिंत बांधली जाते. म्हणून एमआरएसए असेल तर एकटे मेथिसिलिनच नाही, शस्त्रक्रियेआधी दिले जाणारे सेफाझोलिन, वॉर्डात सर्रास चढवले जाणारे सेफ्ट्रियाक्झोन आणि ॲमॉक्सिक्लॅव्ह, सगळीच कुचकामी ठरतात. मग व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड लागते.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. जंतू पसरलेल्या थाळीवर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतालचे जंतूविरहित वर्तुळ पट्टीने मोजायचे. व्यास २१ मिलिमीटर किंवा कमी असेल तर एमआरएसए, २२ किंवा जास्त असेल तर नाही. कल्चर अहवालात सेफॉक्सिटिनपुढे रेझिस्टंट असे लिहिलेले असेल, तर खाली सेफ्ट्रियाक्झोनपुढे काय छापले आहे याकडे लक्ष देऊ नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत २०१६ मध्ये या जंतूच्या नमुन्यांतले २८.४ टक्के एमआरएसए होते, २०२१ मध्ये ४२.६ टक्के. हा आकडा बातम्यांत येतो तेव्हा त्याचा छेद कुणी सांगत नाही. छेद आहे प्रयोगशाळेत वाढलेले स्टॅफिलोकोकस ऑरियसचे नमुने. तो शंभर रुग्णांपैकी ४३ असा नाही आणि शंभर जखमांपैकी ४३ असाही नाही. नमुना मुळात कोणाचा जातो हेही पाहावे लागते. आपल्याकडे पहिले प्रतिजैविक चालले नाही, दुसरेही चालले नाही, मग पू तपासायला पाठवतात. साध्या औषधाने बरी झालेली जखम छेदात येतच नाही, त्यामुळे टक्केवारी खऱ्यापेक्षा फुगलेली दिसू शकते. त्याउलट, जिथे कल्चर होतच नाही अशा तालुक्याच्या खासगी दवाखान्यांतले एमआरएसए कुठेच मोजले जात नाही. म्हणून दोन रुग्णालयांची टक्केवारी शेजारी ठेवून कोण चांगले हे ठरवणे चुकीचे आहे. मला यापेक्षा उपयोगाचा वाटतो तो वेग: एका वाहक रुग्णापासून, त्याच्या मुक्कामात, किती नवे वाहक होतात.

तो वेग कसा ठरतो हे मानलेल्या आकड्यांवर पाहू. एमआरएसए असलेला रुग्ण दहा दिवस दाखल आहे. कर्मचारी दिवसातून वीस वेळा त्याला किंवा त्याच्या खाटेला हात लावून पुढच्या रुग्णाकडे जातात. दहा दिवसांत असे दोनशे फेरे होतात. निम्म्या वेळा हात साफ होतात, म्हणजे शंभर फेरे अस्वच्छ हाताने. अशा शंभर फेऱ्यांत एक नवा वाहक तयार होतो असे धरू. एकाचा एक झाला, आकडा जागच्या जागी राहिला. हात साफ करण्याचे प्रमाण ५० वरून ७५ टक्क्यांवर गेले की अस्वच्छ फेरे पन्नास उरतात आणि एकाचा अर्धा होतो. आठ वाहक असतील तर पुढच्या फेरीत चार, मग दोन, मग एक. प्रमाण २५ टक्क्यांवर घसरले तर एकाचे दीड होतात: आठ, बारा, अठरा, सत्तावीस. जंतू तोच, औषधे तीच, इमारतही तीच. फरक हातांच्या पंचवीस टक्क्यांचा.

या गणिताला रुग्णालय आणखी दोन बाजूंनी जोर देते. एक म्हणजे प्रतिजैविके. सेफ्ट्रियाक्झोन दिलेल्या रुग्णाच्या नाकातले आणि त्वचेवरचे साधे स्टॅफ मरतात आणि जागा मोकळी होते. खुरपून रिकाम्या केलेल्या वाफ्यात तणाचे बी पडावे तसा एमआरएसए तिथे जोमाने रुजतो. शस्त्रक्रिया संपल्यावर पाच-सात दिवस खबरदारी म्हणून इंजेक्शन चालू ठेवण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच नुकसानीची आहे. जागतिक आरोग्य संघटना शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक प्रतिजैविक लांबवू नये असेच सांगते. दुसरी बाजू वस्तूंची. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस आणि काही परिस्थितीत सात महिन्यांपर्यंत जगतो. खाटेची कड, सलाईनचा स्टँड, रक्तदाबाचा पट्टा, ड्रेसिंगच्या ट्रॉलीचे हँडल आणि हल्ली मोबाईल. रुग्ण घरी गेला तरी त्याचा जंतू खाटेवर पुढच्याची वाट पाहत थांबतो. जंतू फक्त रुग्णालयात तयार होतो असेही आता राहिलेले नाही. भारतात आधी समाजात आढळलेले एमआरएसएचे काही वंश रुग्णालयांत शिरले आहेत, त्यामुळे दारातून येणारा रुग्णही तो घेऊन येतो.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विष्णुपुरी येथील रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू एमआरएसएमुळे झाले असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. त्या दिवसांत पुढे आलेला एक आकडा मात्र या विषयाला थेट भिडतो. रुग्णालयाची क्षमता ५०० रुग्णांची आणि दाखल रुग्ण सुमारे १,२०० असे तेव्हा अशोक चव्हाण यांनी सांगितले होते. पाचशेच्या हिशेबाने नेमलेल्या सिस्टरच्या वाट्याला अडीच पट रुग्ण आले की वरच्या गणितातला प्रत्येक आकडा बिघडतो. दोन खाटांमधले अंतर जाते, जमिनीवर गाद्या पडतात, एका ड्रेसिंगपासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मिनिटावर येतो. हात धुवायला बेसिनपर्यंत जाऊन यायला एक मिनिट लागते. ते मिनिट कुणाकडे नसते. याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून उपाय बेसिनकडून खाटेकडे आणावा लागतो, आणि त्याचेही आकडे आहेत. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ दरम्यान प्रत्येक खाटेजवळ अल्कोहोल हँडरब ठेवला. हात साफ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात लागणारे संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले, आणि एमआरएसएचा प्रसार दर दहा हजार रुग्णदिवसांमागे २.१६ वरून ०.९३ वर. वाढ फक्त अठरा टक्क्यांची, पण प्रसार निम्म्याहून खाली. हँडरबचा खप तेवढ्यात हजार रुग्णदिवसांमागे ३.५ लिटरवरून १५.४ लिटरवर गेला होता. इंग्लंडने २००४ पासून देशभर हेच केले. चार वर्षांत रुग्णदिवसामागे साबण आणि हँडरबची खरेदी २१.८ मिलिलिटरवरून ५९.८ वर गेली, आणि रक्तातला एमआरएसए दर दहा हजार रुग्णदिवसांमागे १.८८ वरून ०.९१ वर आला. तिथे त्याच काळात इतरही उपाय झाले, सगळे श्रेय हातांना देता येणार नाही, पण दिशा दोन्हीकडे एकच आहे.

हे नांदेडच्या मापात घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा हजार रुग्णदिवसांमागे २० लिटर आहे. पाचशे रुग्णांना रोज दहा लिटर, बाराशे रुग्णांना रोज चोवीस. एका वेळी तीन मिलिलिटर धरले तर २० मिलिलिटर म्हणजे एका रुग्णामागे दिवसभरात सहा-सात वेळा हात चोळणे. ही काही चैन नाही. कोणत्याही रुग्णालयात भांडार विभागाच्या नोंदवहीतून महिन्याचा हँडरब आणि नोंदणी खिडकीवरून महिन्याचे रुग्णदिवस घेतले, तर हा भागाकार पाच मिनिटांत होतो. उत्तर दोन-तीन लिटर आले, तर भिंतीवर हात धुण्याची कितीही चित्रे असोत, हात साफ होत नाहीत हे समजावे.

लातूरच्या बाबतीत या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले होते. ज्या शहरात पिण्याचे पाणी रेल्वेने येते, तिथे वॉर्डातल्या नळाच्या भरवशावर हातांची स्वच्छता सोपवणे शक्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेची हँडरबची कृती सरकारी दवाखान्याच्या औषधशाळेतही करता येते: ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, आणि उकळून गार केलेले पाणी घालून दहा लिटर पूर्ण. म्हणजे पाणी लागते फक्त एक लिटर आणि शंभरेक मिलिलिटर. बाटल्या भरून ७२ तास ठेवायच्या, तेवढ्यात पेरॉक्साइड आतले जंतुबीज मारते. दहा लिटरमध्ये ३,३०० हून अधिक वेळा हात चोळता येतात. तेच नळाखाली एका वेळी एक लिटर धरून धुवायचे, तर ३,३०० लिटर पाणी लागले असते. आणि इथेनॉल ही मराठवाड्यात दुर्मिळ गोष्ट नाही. २०२० मध्ये साखर कारखान्यांच्या आसवन्यांना सॅनिटायझर बनवायला परवानगी मिळाली होतीच. मिथेनॉल मिसळलेले औद्योगिक अल्कोहोल मात्र चालत नाही, आणि हातावर रक्त, पू किंवा माती दिसत असेल तर साबण-पाण्याला पर्याय नाही. ड्रेसिंग करताना हातमोजे घातले म्हणून हात साफ करणे चुकत नाही, कारण मोजा काढताना त्याच्यावरचे जंतू बोटांवर येतात.

आपला प्लेट बसवलेला शेतकरी सातव्या-आठव्या दिवशी घरी जाईल. शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग मोजण्याची मुदत साधारण ३० दिवसांची, आणि प्लेट, सांधा बसवलेल्या शस्त्रक्रियांत ९० दिवसांची असते. पू बहुतेकदा घरी गेल्यावर येतो. मग तो गावच्या डॉक्टरकडे ड्रेसिंग करतो, तिथे आणखी एक प्रतिजैविक मिळते, आणि लातूरच्या वहीत त्याची जखम कोरडी, रुग्ण बरा अशीच नोंद राहते. एका सिस्टरने तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करून चार प्रश्न विचारले, तर हा छेद सुधारतो: टाक्यातून पाणी किंवा पू येतो का, जागा लाल आणि गरम आहे का, ताप आला का, बाहेर कुठे प्रतिजैविक घेतले का. एकाही प्रश्नाला हो आले तर त्याला परत बोलवायचे, आणि पू तपासायचा तो ड्रेसिंगच्या कापडावरचा नाही. आधी जखम सलाईनने धुऊन मग खोलातला, शक्यतो सुईने ओढलेला, आणि नवे प्रतिजैविक सुरू करण्याआधी. वरवरच्या स्वॅबमध्ये त्वचेवरचा कोणताही स्टॅफ उगवतो, आणि त्याच्या नावाने दोन आठवडे व्हँकोमायसिन चालते.